अठराच्या अलीकडची कमाई

चौदा वर्षे पूर्ण केलेल्या मुलाने घरी बसून व्हिडिओ संपादित करणे, चित्रे काढून विकणे किंवा स्वतःचे यूट्यूब चॅनेल चालवणे याला भारतात कोणताही कायदा मनाई करत नाही. अडचण सुरू होते ती पैसे घेताना. पैसे देणारी कंपनी आधी करार करते आणि करार करण्याची पात्रता येते अठराव्या वर्षी. १८७५ च्या सज्ञानता कायद्याने हे वय ठरवले आहे, तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ११ ने अज्ञान व्यक्तीला करारापासून दूर ठेवले आहे. त्यामुळे अकरावीतल्या मुलाचे काम चालते, त्याचे चॅनेल चालते. पण मोबदला जमा करण्याची वेळ आली की आईचे किंवा वडिलांचे बँक खाते पुढे करावे लागते. बहुतेक घरांत याकडे फक्त सोय म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात खात्याबरोबर नाव, कर, जबाबदारी आणि काही प्रमाणात मालकीसुद्धा पालकाकडे सरकते, आणि पुढचे बहुतेक घोटाळे हे न ओळखल्यामुळे होतात.

कंपन्या अठराच्या अटीवर एवढ्या अडून का बसतात हे समजायला कोलकात्याचा एक जुना खटला उपयोगी पडतो. १८९५ मध्ये धरमोदास घोष नावाच्या अज्ञान मुलाने आपली मिळकत एका सावकाराकडे २०,००० रुपयांना गहाण टाकली. मुलगा अज्ञान असल्याची नोटीस त्याच्या आईने, जी त्याची पालक होती, सावकाराच्या वकिलाला आधीच दिली होती. तरीही व्यवहार झाला. पुढे मुलाच्या बाजूने गहाणखत रद्द करून मागण्यात आले. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९०३ मध्ये निकाल लागला, की अज्ञानाने केलेला करार मुळातच निरर्थक असतो. त्याला आधारही नाही आणि त्यावरून दिलेले पैसे परत मागण्याचा हक्कही नाही. मोहोरी बीबी खटला म्हणून कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असलेला हा निकाल आजही लागू आहे. अज्ञानाला फायदा मिळवून देणारा व्यवहार न्यायालये पुढे मान्य करत आली, पण त्याच्यावर बंधन घालणारा नाही. आता हीच गोष्ट एखाद्या जाहिरात कंपनीच्या नजरेतून पाहावी. सोळा वर्षांच्या मुलाने अटी मान्य केल्या, पैसे घेतले आणि नंतर अटी मोडल्या, तर त्याच्याकडून काहीच वसूल करता येणार नाही. म्हणून कंपनीला समोर सज्ञान माणूस हवा असतो.

इथे दोन वेगवेगळ्या वयोमर्यादा आहेत आणि मुले त्यांची सर्रास गल्लत करतात. भारतात गूगलचे स्वतःचे खाते तेराव्या वर्षी उघडता येते. त्याआधी पालकाच्या देखरेखीखालचे खाते लागते. इन्स्टाग्रामची मर्यादाही तेराच आहे. हे झाले खाते वापरण्याचे वय. पैसे घेण्याचे वय अठरा आहे, आणि ते गाठलेले नसेल तर काय करायचे याबाबत प्रत्येक कंपनीचे धोरण निराळे आहे. यूट्यूब पालकाचा मार्ग उघडपणे देते: चॅनेल मुलाचे, पण पैसे ज्या अॅडसेन्स खात्यातून येतात ते आईचे, वडिलांचे किंवा कायदेशीर पालकाचे. फायव्हर या फ्रीलान्स कामाच्या बाजारपेठेत तेरा ते अठरा वयाच्या मुलाला पालकाच्या मालकीच्या खात्यातून, पालकाच्या परवानगीने काम करता येते. अपवर्कवर ही सोय नाही. तिथे खाते ज्याचे त्यानेच काम करायचे आणि ती व्यक्ती अठरा वर्षांची असायलाच हवी. पेपाल आणि पेओनियर या पैसे पोचवणाऱ्या कंपन्यांचीही अट अठराचीच आहे.

म्हणजे 'वडिलांचे खाते वापरले' या एकाच वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. यूट्यूबवर वडिलांनी स्वतःच्या नावाने अॅडसेन्स खाते उघडून ते मुलाच्या चॅनेलला जोडले, तर ते नियमात बसते. अपवर्कवर मुलाने वडिलांचे नाव, वडिलांचे आधार आणि वडिलांचा फोटो लावून काम मिळवले, तर ते तोतयागिरीत जमा होते, वडिलांची कितीही संमती असली तरी. असे खाते महिनोन्‌महिने बिनबोभाट चालते आणि तपासणीच्या दिवशी कोसळते. अपवर्क ओळख पटवण्यासाठी व्हिडिओवर समोर यायला सांगू शकते. तेव्हा कॅमेऱ्यापुढे बसतात वडील, आणि आफ्टर इफेक्ट्समध्ये अॅनिमेशन करणाऱ्या या 'मोशन डिझायनर'ला आपल्याच कामाबद्दलच्या साध्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. खाते बंद होते आणि वडिलांचे नाव त्या बाजारपेठेत कायमचे बाद होते. मुलाने मिळवलेले पंचतारांकित अभिप्राय तर त्याचे कधीच नव्हते. तो अठरा वर्षांचा झाल्यावरही ते त्याच्या नावावर येत नाहीत.

जन्मतारीख खोटी टाकण्याचा प्रकार यापेक्षा किरकोळ वाटतो, पण त्याची वसुली उशिरा होते. अकराव्या वर्षी गेम खेळण्यासाठी १९९९ साल टाकून उघडलेल्या गूगल खात्यावरच पुढे चॅनेल उभे राहते. गूगलला वयाबद्दल शंका आली तर ते खरे वय सिद्ध करायला किंवा पालकाची देखरेख जोडायला सांगते. त्यासाठी साधारण १४ दिवसांची मुदत असते, नंतर खाते बंद होते. मूल तेव्हा पंधरा वर्षांचे असेल तर तारीख दुरुस्त करणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे, कारण तेरा ओलांडल्यामुळे खाते टिकते. प्रत्यक्षात अनेक मुले घाबरून वडिलांचे ओळखपत्र चढवतात आणि आपले खाते कागदोपत्री पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचे करून टाकतात. पुढच्या काळात ही चलाखी अवघड होत जाईल. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळून घेतलेली संमती लागते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिने दिले गेले. त्यामुळे पालक हा खरोखरच सज्ञान माणूस आहे का, याची खातरजमा कंपनीलाच करावी लागणार आहे.

नियमात बसणारा मार्ग कसा चालतो हे एका नमुन्याच्या घरावरून पाहता येईल. सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावची अकरावीतली सोळा वर्षांची मुलगी दहावीचे गणित मराठीतून समजावणारे चॅनेल चालवते, असे धरू. वडील राज्य सरकारी कार्यालयात लिपिक, वार्षिक पगार ७ लाख रुपये. आई घरी शिवणकाम करते. चॅनेलचे १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण पूर्ण झाले, म्हणजे जाहिरातींच्या उत्पन्नाची दारे उघडली. आता अॅडसेन्स कोणाच्या नावाने काढायचे?

वडिलांच्या नावाने, हे घरातले पहिले उत्तर असते, आणि या घरात ते चुकीचे आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार सरकारी कर्मचाऱ्याला परवानगीशिवाय खासगी व्यापार-धंदा करता येत नाही. पैसे मुलीचे असले तरी कंपनीच्या कागदावर जाहिरात उत्पन्नाचे धनी वडील दिसतील. त्याबद्दल कोणी तक्रार केली तर 'खाते माझे, धंदा मुलीचा' हे सिद्ध करण्याचे ओझे त्यांच्यावर पडेल. आईचे नाव इथे सरळ आहे. आई ही पालक असू शकते का, ही शंका मात्र अजूनही बँकेच्या खिडकीवर ऐकू येते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि त्यांच्यानंतर आई असे शब्द आहेत. गीता हरिहरन यांनी रिझर्व्ह बँकेविरुद्ध लढवलेल्या खटल्यात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शब्दांचा अर्थ वडिलांच्या मृत्यूपुरता संकुचित ठेवला नाही. वडील प्रत्यक्ष देखभाल करत नसतील तिथेही आई पालक ठरते, असे सांगितले. बँक खात्यापुरते बोलायचे, तर आईला पालक म्हणून अज्ञान मुलाचे खाते उघडता येते, हे रिझर्व्ह बँकेने स्पष्टच केले आहे.

आईच्या नावाने अॅडसेन्स काढताना तीन ठिकाणी गाडी अडते. पहिले ठिकाण नावाचे. अॅडसेन्समधले नाव आणि बँक खात्यावरचे नाव तंतोतंत जुळावे लागते. पॅन कार्डावर सासरचे नाव, बँकेत माहेरचे आणि आधारवर मधल्या नावाचे केवळ आद्याक्षर, ही आपल्याकडच्या निम्म्या घरांची कहाणी. ती आधी निस्तरावी. दुसरे ठिकाण पत्त्याचे. कमाई १० डॉलरपर्यंत पोचली की गूगल नोंदवलेल्या पत्त्यावर साध्या टपालाने सहा आकडी पिन पाठवते. 'मारुती मंदिरामागे' एवढाच पत्ता असेल तर ते पाकीट हरवते. चार महिन्यांत पिन टाकला नाही तर जाहिराती थांबतात, म्हणून पत्त्यात पिनकोड, गल्ली, घर क्रमांक आणि फोन क्रमांक नीट असावेत आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवावे. तिसरे ठिकाण बँकेचे. पैसे १०० डॉलर जमल्यावर परदेशातून वायर ट्रान्सफरने येतात आणि त्यासाठी स्विफ्ट कोड लागतो. पतसंस्थेतले खाते यासाठी चालत नाही, कारण पतसंस्था ही बँक नव्हे. अनेक छोट्या नागरी सहकारी बँकांकडेही स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो. अशा वेळी राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत आईच्या नावाने वेगळे बचत खाते काढणे बरे. पहिली रक्कम आली की बँक पैसे कशाचे हे विचारते; त्याचे उत्तर 'यूट्यूबवरील जाहिरातींचे उत्पन्न' असे खरे आणि सरळ द्यावे.

याच टप्प्यावर W-8BEN हा अमेरिकी कराचा अर्ज भरावा लागतो, तोही आईच्या नावाने आणि आईच्या पॅनवर. अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या उत्पन्नातून भारतीयांसाठी १५ टक्के कर कापला जातो. अर्जच भरला नाही तर कपात जगभरच्या उत्पन्नावर २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. दहावीच्या गणिताला न्यू जर्सीतून फारसे प्रेक्षक मिळणार नाहीत, त्यामुळे या मुलीची कपात नगण्य राहील. मराठी पाककृतींच्या किंवा बालगीतांच्या चॅनेलचा हिशेब निराळा असतो.

आईच्या नावाने खाते उघडल्यावर जबाबदारीही आईची होते, आणि ती कशी निसटते हे पाहण्यासारखे आहे. जाहिरातींमुळे पैसे मिळतात हे कळल्यावर वर्गातली मित्रमंडळी मदत म्हणून त्या जाहिरातींवर दणादण क्लिक करतात. गूगलच्या भाषेत हे अवैध क्लिक. एकाच गावातून, एकाच वेळेत, त्याच त्या फोनवरून येणारे क्लिक सहज ओळखू येतात. आधी त्या कमाईची वजावट होते, प्रकार वाढला तर अॅडसेन्स बंद होते. बंद पडते ते आईचे खाते, आणि तिला दुसरे मिळत नाही. धाकट्या भावाचे चॅनेलही त्याच अॅडसेन्सला जोडले असेल तर त्याचीही कमाई अडकते. एका व्यक्तीला एकच अॅडसेन्स असल्यामुळे भावंडांची चॅनेले एकाच खात्यात यावी लागतात. महिन्याची रक्कम मग एकत्रच जमा होते आणि कोणाचे किती ते यूट्यूब स्टुडिओतले चॅनेलनिहाय आकडे पाहून वहीत लिहावे लागते. ही वही पुढे करासाठीही लागते.

मुलीचे स्वतःचे बँक खाते यात कुठे बसते? रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये अज्ञानांच्या खात्यांविषयीच्या सूचना सुधारल्या. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतंत्रपणे बचत किंवा मुदत ठेव खाते उघडून चालवता येते. किती रकमेपर्यंत, ते बँक ठरवते. एटीएम कार्ड, इंटरनेट बँकिंग द्यायचे की नाही, हेही बँकेवर सोपवले आहे; मात्र खात्यात उणे शिल्लक होता कामा नये. असे खाते अॅडसेन्सला थेट चालत नाही, कारण तिथे पैसे घेणारा सज्ञान लागतो. पण त्याचा खरा उपयोग पुढच्या पायरीला आहे. आईच्या खात्यात रक्कम आली की ती मुलीच्या खात्यात 'यूट्यूब, जून महिना' अशी नोंद करून पाठवावी. पैसा कोणाचा, हे दाखवणारा यापेक्षा भक्कम पुरावा घरात दुसरा नसतो.

आता कर. इथे समज-गैरसमजांचा सुकाळ आहे. 'अज्ञान मुलाचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवतात' हे वाक्य सर्वांना पाठ असते, पण त्याचा अपवाद नेमका विसरला जातो. आयकर कायद्यानुसार अज्ञानाचे उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवायचे. परंतु ते उत्पन्न मुलाच्या अंगमेहनतीचे किंवा त्याच्या कौशल्य, गुण, विशेष ज्ञान आणि अनुभवाच्या बळावर आलेले असेल तर ते मुलाचेच धरायचे. १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला, त्यातही ही रचना कायम आहे. गणित शिकवणाऱ्या मुलीचे उत्पन्न निःसंशय कौशल्याचे आहे. तिची वर्षाची कमाई १,८०,००० रुपये असेल, तर ती वडिलांच्या सात लाखांत मिळवायची नाही, आणि बँक खाते आईचे असले म्हणून आईचीही धरायची नाही. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, त्यामुळे मुलीला कर शून्य.

सगळीच मुले या अपवादात बसत नाहीत. खेळण्यांची खोकी उघडणाऱ्या चार वर्षांच्या मुलाचे व्हिडिओ आई लिहिते, काढते, संपादित करते. तिथे कौशल्य मुलाचे म्हणणे ओढूनताणून आहे. ते उत्पन्न प्रामाणिकपणे आईचे दाखवावे. दुसऱ्या टोकाला, मुलीच्या शिलकीवरचे व्याज आहे. तिने १,५०,००० रुपये ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले, तर वर्षाचे १०,५०० रुपये व्याज कौशल्याचे नव्हे. ते वडिलांच्या उत्पन्नात मिळते. मूळ रक्कम मुलीची, व्याज वडिलांच्या विवरणपत्रात, हे विचित्र वाटते, पण कायदा तसाच आहे. मिळवलेल्या उत्पन्नातून दरसाल १,५०० रुपयांची सूट मिळते, तीही जुन्या करप्रणालीतच.

करात खरा गुंता होतो तो नावाच्या विसंगतीमुळे. समजा, एका कोचिंग क्लासने या चॅनेलला प्रायोजकत्वाचे ६०,००० रुपये दिले आणि ते व्यावसायिक शुल्क मानून १० टक्के म्हणजे ६,००० रुपये उगमस्थानी कापले. पैसे आईच्या खात्यात, म्हणून कपात आईच्या पॅनवर. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात आता आईला ६०,००० रुपयांचे उत्पन्न दिसते. मुलीने ते आपले म्हणून दाखवले तर कपातीचे श्रेय तिला मिळत नाही; आईने दाखवले तर अपवाद वाया जातो. आयकर नियमांत यावर उपाय आहे. ज्याच्या नावाने कपात झाली ती व्यक्ती क्लासला लेखी देऊ शकते, की हे उत्पन्न अमुक व्यक्तीचे असून तिचे नाव, पॅन आणि कारण असे असे आहे. मग क्लास कपातीचे प्रमाणपत्र मुलीच्या नावाने देतो. हे पत्र पैसे येण्यापूर्वी द्यावे. वर्ष संपल्यावर क्लासच्या लेखापालाकडून विवरण दुरुस्त करून घेणे म्हणजे उन्हाळ्याची अर्धी सुट्टी त्यातच घालवणे.

त्यासाठी मुलीकडे स्वतःचा पॅन हवा. तो अज्ञानालाही मिळतो. अर्ज पालक प्रतिनिधी म्हणून करतात आणि त्या कार्डावर मुलाचा फोटो किंवा सही नसते. कापलेले ६,००० रुपये परत मिळवायचे तर विवरणपत्र भरावे लागते, तेही आईला प्रतिनिधी करदाता म्हणून संकेतस्थळावर नोंदवून करता येते. रक्कम लहान म्हणून बहुतेक घरे हे सोडून देतात आणि सगळे आईच्या उत्पन्नात दाखवतात. त्याने सरकारचे नुकसान होत नाही, पण कधी घराचे होते. शिष्यवृत्तीसाठी लागणारा कौटुंबिक उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालय कागदांवरूनच देते, आणि राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची मर्यादा ८ लाख आहे. सात लाख पगाराच्या घरात मुलीची कमाई आईची म्हणून दिसू लागली की बारावीनंतर त्याच मुलीच्या प्रवेशावेळी ती आडवी येऊ शकते.

यूट्यूबपेक्षा जास्त धोका प्रत्यक्षात लहान, ओळखीपाळखीच्या कामांत असतो. दीडशे रुपयांना थंबनेल, पाचशेला रील, पैसे यूपीआयवर आणि यूपीआय वडिलांचे. गिऱ्हाईक टेलिग्रामवर भेटलेले, त्याचे खरे नावही ठाऊक नसते. त्याने पाठवलेले १,२०० रुपये जर कोणाला फसवून आलेले असतील, तर फसलेला माणूस १९३० या क्रमांकावर तक्रार करतो. मग पैशांचा माग एका खात्यातून दुसऱ्या खात्यात काढत पोलीस वडिलांच्या खात्यापर्यंत पोचतात. कधी तेवढीच रक्कम रोखली जाते, कधी अख्खे खाते गोठते. ते पगाराचे खाते असेल तर घरकर्जाचा हप्ता परत जातो, विजेचे बिल राहते, आणि तक्रार दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याची असेल तर खाते सुटायला आठवडे लागतात. क्रिप्टो विकून यूपीआयवर रुपये घेणाऱ्या मुलांच्या घरी हे हमखास घडते. 'तुझ्या खात्यात पैसे घे, दोन टक्के ठेव, बाकीचे पुढे पाठव' अशी ऑफर तर कमाई नव्हेच. ते खाते भाड्याने देणे आहे आणि त्यात गुन्हा दाखल होतो तो खातेदारावर.

पगाराचे खाते यासाठी कधीच वापरू नये, एवढ्या एका खबरदारीने निम्मा धोका कमी होतो. वेगळे बचत खाते, त्यात जुजबी शिल्लक, आणि प्रत्येक जमेमागे गिऱ्हाइकाचे नाव, कामाचा मजकूर आणि पाठवलेल्या फाइलची नोंद. खाते अडकलेच तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचे नाव लेखी मागावे आणि कामाच्या या नोंदी तपास अधिकाऱ्याला पाठवाव्यात. काम खरे होते हे दाखवता येणाऱ्याचे खाते लवकर सुटते.

उरतो तो सर्वांत नाजूक प्रश्न: हे पैसे कोणाचे? कायद्याने ते मुलाचे आहेत. पालक ते विश्वस्त म्हणून सांभाळतो. पण त्याची विचारणा करणारे कोणी नाही. चित्रपटात किंवा मालिकेत काम करणाऱ्या मुलाबाबत असे नाही. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, पुढच्या वर्षी नियम आले आणि त्यानुसार बालकलाकाराच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. तो त्याला सज्ञान झाल्यावर मिळतो. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, असेही त्यात आहे. हे सारे निर्मात्यावर बंधनकारक आहे. घरच्या चॅनेलवर निर्माता आईवडीलच असतात, त्यामुळे त्यांच्यावर वचक ठेवणारा कोणी उरत नाही. कॅलिफोर्नियात जॅकी कूगन या बालनटाची कमाई त्याच्या घरच्यांनी उडवल्यावर १९३९ मध्ये कायदा झाला होता. त्याची व्याप्ती आता ऑनलाइन व्हिडिओंतल्या मुलांपर्यंत वाढवण्यात आली आहे. आपल्याकडेही २० टक्क्यांची अट घरच्या चॅनेलला लावायला हवी. अॅडसेन्सला जोडताना अज्ञानाचे चॅनेल ओळखता येतेच, त्यामुळे ही अट अंमलात आणणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. इच्छेचा प्रश्न आहे. तोवर हा वाटा घरानेच काढून ठेवावा, आणि कॅमेरा, लाइट, इंटरनेट यांचा खर्च मुलाला दाखवूनच वजा करावा.

अठरावा वाढदिवस उजाडला की काहीच आपोआप बदलत नाही. बँकेत नवी सही आणि केवायसी द्यावे लागते. तोवर पालकाच्या सहीचे खाते अडते. पॅन कार्डात फोटो आणि सही घालण्यासाठी दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. मुलीने आता स्वतःच्या नावाने अॅडसेन्स उघडायचे, नवा पिन मागवायचा, W-8BEN पुन्हा भरायचा आणि मग यूट्यूब स्टुडिओत चॅनेलची जोडणी आईच्या खात्यावरून आपल्या खात्यावर न्यायची. हा बदल ३२ दिवसांत एकदाच करता येतो, म्हणून नव्या खात्याला पूर्ण मंजुरी मिळाल्याशिवाय जुने सोडू नये. आईच्या अॅडसेन्समधली शिल्लक मुलीच्या खात्यात वळत नाही. ती आईच्याच बँक खात्यात येते. पुढचा पहिला करार, मग तो प्रायोजकाचा असो की कोचिंग क्लासचा, मुलीने स्वतः सही करायचा आणि त्यातल्या अटी मोडल्या तर त्याला तीच उत्तरदायी असेल.